निरोपाच्या भाषणात नावाचा अर्थ कसा आणावा: आमच्या छायाताईंचं उदाहरण

31 मे जवळ आला की सरकारी कार्यालयांत निरोपसमारंभांची रांग लागते. शाळेत घालताना सरसकट 1 जून ही जन्मतारीख लावलेली पिढी आता निवृत्त होते आहे. नियमाप्रमाणे जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर निवृत्ती आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. मग एकाच दुपारी दोन-तीन जणांना शाल-श्रीफळ द्यायचं असतं, आणि कुणीतरी तुमच्या टेबलाशी येऊन म्हणतं, "मॅडमवर दोन शब्द तुम्ही बोला, तुमचं मराठी चांगलं आहे."

पहिल्यांदाच बोलणाऱ्याच्या मनात लगेच येतं ते मॅडमचं नाव. नाव ज्योत्स्ना असेल तर चांदणं, सुगंधा असेल तर दरवळ. कल्पना चांगली आहे. नाव ही त्या बाईची स्वतःची गोष्ट आहे, ती दुसऱ्या कुणाच्या भाषणात चिकटवता येत नाही. पण बहुतेक भाषणं इथेच घसरतात, कारण बोलणारा नावाचा अर्थ सांगतो आणि मग त्या अर्थासारखं बाईंचं वागणं शोधायला निघतो. मी सोलापुरात आमच्या आवक-जावक शाखेतल्या छायाताईंसाठी भाषण लिहिलं तेव्हा हे सगळं करून पाहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ते कसं झालं ते क्रमाने सांगते.

आधी नाव कुणी ठेवलं ते विचारा

लेखणी उचलण्याआधी हे काम करायचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, काही घरांत अजून आहे. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात. आज निवृत्त होणाऱ्या पिढीत अशा पुष्कळ बायका आहेत. कार्यालयात आपण ज्या नावाने हाक मारतो ते सासरचं असतं, आणि माहेरी अजून कुणीतरी त्यांना बारशाच्या नावाने बोलावत असतं.

एका समारंभात मी ऐकलं होतं. वक्ते म्हणाले, "आईवडिलांनी किती विचार करून हे नाव ठेवलं असेल!" पहिल्या रांगेत बाईंची ऐंशीच्या घरातली आई बसली होती. ते नाव तिने ठेवलेलंच नव्हतं. बाई खाली बघत राहिल्या. वक्त्यांचा हेतू स्वच्छ होता, त्यांनी फक्त विचारलं नव्हतं.

विचारायचं अगदी साधेपणाने, चहा घेताना. "ताई, तुमचं नाव कुणी ठेवलं हो?" एवढंच. भाषणाचा उल्लेख नको. छायाताई म्हणाल्या, आत्याने ठेवलं, मे महिन्यातल्या दुपारी जन्म झाला म्हणून. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असली तरी खरा जन्म मेमधला. या एका उत्तराने दोन गोष्टी कळल्या. नाव माहेरचं आहे, आणि ते त्यांना आवडतं, कारण सांगताना त्या हसल्या. उत्तर तुटक आलं, किंवा "काय माहीत" म्हणून विषय बदलला गेला, तर नावाचा नाद तिथेच सोडून द्यायचा.

अर्थांची यादी करा आणि निम्म्याहून जास्त खोडा

एका कागदावर नावाचे सगळे अर्थ लिहायचे. शब्दकोशातले, बोलण्यातले, पुराणातले आणि कार्यालयातलेसुद्धा. छाया या शब्दाची माझी यादी अशी झाली: सावली, प्रतिबिंब, कांती, सूर्याची पत्नी छाया, छायाचित्र, छायाप्रत, दुःखाची छाया, कुणाच्या तरी छायेत राहणं.

आता खोडायला बसायचं. दुःखाची छाया तर उघडच गेली. 'छायेत राहणं' हेसुद्धा गेलं, कारण पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईबद्दल ती कुणाच्या तरी मागे राहिली असा सूर निघतो. पुराणातली छाया ही संज्ञेच्या जागी सूर्याच्या घरी राहिलेली, आणि शनिदेवांची आई. कथा मोठी आहे, पण सभागृहात अर्ध्या लोकांना फक्त शनी ऐकू येईल. तीही गेली. ताईंच्या यजमानांचं नाव प्रकाश, त्यामुळे 'छाया-प्रकाश' ही जोडी सगळ्यांनाच सुचत होती. नवराबायकोच्या नावांवर बोलण्याआधी त्या घरात आज काय परिस्थिती आहे ते माहीत हवं. यजमान आजारी होते, म्हणून तेही खोडलं.

राहिली छायाप्रत. कार्यालयात हा विनोद कुणालाही सुचतो आणि तीच त्याची अडचण आहे. "छायाताई, एक छायाप्रत द्या" हे त्यांनी शेकडो वेळा ऐकलं असणार. जो विनोद माणसाने आपल्या नावावर आयुष्यभर ऐकला तो निरोपाच्या दिवशी पुन्हा ऐकवू नये. तो करायचा असेल तर तिने स्वतः करावा.

यादीत शेवटी एकच शब्द उरला, सावली. सोलापुरात तो पुरेसा आहे. इथे मे महिन्यात सावली म्हटलं की आणखी काही समजवावं लागत नाही. आमच्याकडे घरी तेलुगू आणि कन्नड बोलणारे सहकारी आहेत, त्यांनाही विचारून घेतलं. तेलुगूत 'नीड', कन्नडात 'नेरळु'. दोन्ही शब्द मायेने वापरले जातात, म्हणजे समोरच्या अर्ध्या लोकांच्या मनात मराठी शब्दासोबत स्वतःचा शब्दही उमटणार. संस्कृतात नीड म्हणजे घरटं हेही त्या नादात आठवलं. मला ते फार आवडलं, पण भाषणात घेतलं नाही. एका नावातून एकच अर्थ काढायचा, दुसरा निघाला की ऐकणाऱ्याचं लक्ष बाईंवरून बोलणाऱ्याच्या हुशारीवर जातं.

प्रसंग शोधायला शिपायाकडे जा

अर्थ हातात आला म्हणून भाषण तयार होत नाही. 'छायाताई आम्हाला सावलीसारख्या होत्या' हे वाक्य कुठल्याही छायाबद्दल म्हणता येतं. हवा असतो एक खरा प्रसंग, ज्यात हाताने काहीतरी केलेलं आहे.

तीन माणसांना विचारावं. जो सर्वात जास्त वर्षं तिथे आहे तो, जो सर्वात नवा आहे तो, आणि एखादा बाहेरचा, म्हणजे नेहमी कामाला येणारा माणूस. "ताई कशा आहेत?" असं विचारलं तर "फार चांगल्या" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं, "ताईंनी कधी असं काही केलं का, जे त्यांचं काम नव्हतं?" या प्रश्नाला लोक थांबतात, आठवतात आणि मग सांगतात.

आमचे जुने शिपाईमामा म्हणाले, "त्या खिडकीवरचा पत्रा बघितला का? तो यायच्या आधी ताईंनी घरची चादर आणली हुती. मीच बांधली की." मला हे माहीतच नव्हतं. मी नोंदी उघडल्या, छपरासाठीचे त्यांचे अर्ज सापडले. ऐकलेली गोष्ट कागदावर ताडून घ्यावी, कारण आठवणीत वर्षं आणि माणसं बदलतात आणि समोर ती घटना घडताना पाहिलेली माणसं बसलेली असतात.

उलटंही होऊ शकतं. प्रसंग उत्तम मिळतो पण नावाशी त्याचा काही संबंध नसतो. तेव्हा प्रसंग ठेवायचा आणि नाव सोडायचं. ओढूनताणून जोडलेलं नाव सगळ्यांना कळतं, सगळ्यांत आधी त्या बाईंना.

नाव आणि अर्थ एका वाक्यात आणू नका

मला या सगळ्यात सापडलेली ही खरी गोष्ट. 'छाया म्हणजे सावली' असं म्हटलं की खेळ संपला. सभेतल्या प्रत्येकाला छायाचा अर्थ माहीत आहे. तुम्ही तो सांगितलात तर ते मान डोलावतील, पण त्यांना स्वतःला तो सापडण्याचा आनंद मिळणार नाही. म्हणून पूर्ण भाषणभर ताईंना नेहमीसारखी नावाने हाक मारायची, 'छायाताई'. आणि 'सावली' हा शब्द अगदी शेवटी, एकदाच, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून येऊ द्यायचा. जोडणी ऐकणारा करतो.

यासाठी मधल्या मजकुरातून तो शब्द हुडकून काढावा लागतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'सावली' पाच वेळा होता. चार ठिकाणी मी आडोसा, छप्पर, पत्रा असे शब्द घातले.

शेवटावर मी दोनदा फसले, तेही सांगायला हवं. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखालीच नाहीशी होते. मला वाटलं, यावर शेवट करावा, की आज आमच्या शाखेचा तसा दिवस आहे. मोठ्याने वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे निरोपाचं राहिलं नाही, श्रद्धांजलीचं झालं. मग 'उन्हं कलली की सावली लांब होते' असं लिहिलं. त्यात वय आलं, आणि निवृत्त होणाऱ्या बाईला कुणी तिन्हीसांजेची आठवण करून देऊ नये. दोन्ही खोडले. जाणं, सरणं, मावळणं, नाहीसं होणं ही क्रियापदं नावाच्या अर्थाजवळ आली की धोका समजायचा. शेवटच्या वाक्याचं क्रियापद असणारं, राहणारं हवं.

पूर्ण भाषण

बेताने बोललं तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. त्या दिवशी तीन निरोप होते, म्हणून मी तीन मिनिटांच्या आत बसेल एवढंच लिहिलं.

> सन्माननीय साहेब, छायाताई, ताईंच्या घरची मंडळी आणि सहकारी मित्रमैत्रिणींनो,
>
> आपली आवक खिडकी पश्चिमेला आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजता त्या खिडकीच्या बाहेर उभं राहिलंय का आपल्यापैकी कुणी? आपण आतल्या बाजूला असतो, पंख्याखाली. बाहेर मोहोळहून, अक्कलकोटहून आलेला माणूस असतो. अर्ज द्यायला आलेला असतो आणि तोच अर्ज डोक्यावर धरून उभा असतो.
>
> छायाताई या खिडकीवर आल्या त्या उन्हाळ्यात त्यांना दिसलं, की दुपारनंतर येणाऱ्या अर्जांवरची शाई फुटलेली असते. घामाने. दुसऱ्या दिवशी त्या घरून एक जुनी चादर घेऊन आल्या. आपली सोलापुरी, जाड. शिपाईमामांनी तिची दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधली आणि दोन समोरच्या कडुनिंबाला. वळवाच्या वाऱ्याने ती पंधरा दिवसांत फाटली. ताईंनी दुसरी आणली.
>
> त्याच वर्षी त्यांनी छपरासाठी अर्ज केला. तरतूद नाही, असं उत्तर आलं. ताईंनी ते उत्तर फायलीला लावलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. असे चार अर्ज मी गेल्या आठवड्यात स्वतः पाहिले. चारही अर्जांवर आवक क्रमांक आहे, तोही ताईंच्याच अक्षरात. पाचव्या वर्षी पत्रा आला. मग त्याखाली बाक आला. बाकाशेजारचा माठ मात्र दर उन्हाळ्यात छायाताई स्वतःच्या पैशाने आणत आल्या.
>
> मी या शाखेत आले तेव्हा हे सगळं होतं. मला वाटायचं, पहिल्यापासूनच असेल. ताईंनी एकदाही सांगितलं नाही. मला त्यांनी शिकवलं ते नोंदवहीतलं काम: कागद हातात आला की आधी नोंद, मग चौकशी. सहा वर्षांत 'तुमचा कागद सापडत नाही' हे वाक्य मी त्यांच्या टेबलावरून ऐकलं नाही.
>
> ताई, सोमवारी तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. पत्रा तिथेच असेल, बाक तिथेच असेल. दुपारी कुणी आजी नातवाला घेऊन येईल. तिला तुमचं नाव माहीत नसेल. ती बाकाकडे हात दाखवून त्याला म्हणेल, "बाळा, इथं सावली आहे. बस."

एवढंच. यात 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष', 'हसतमुख' यांपैकी एकही शब्द नाही आणि तो कुणाला कमी वाटला नाही. प्रत्येक निरोपात ते शब्द येतात, म्हणून ऐकू येत नाहीत. नोंदवहीचं वाक्य मात्र मुद्दाम ठेवलं. फक्त चादरीची गोष्ट सांगितली असती तर बाई प्रेमळ होत्या एवढंच उरलं असतं, आणि पस्तीस वर्षं त्यांनी केलेलं काम बाजूला पडलं असतं. बायकांच्या निरोपात हे फार होतं. त्यांची माया सगळे सांगतात, त्यांचं कसब कुणी सांगत नाही.

लिहून झालं की दोन परीक्षा घ्याव्या. पहिली, छायाच्या जागी सुनंदा घालून वाचायचं. भाषण तरीही उभं राहिलं पाहिजे, फक्त शेवटची चुणूक जाईल. म्हणजे प्रसंग भक्कम आहे. दुसरी, ज्याला काहीच माहीत नाही अशा एकाला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि तो शेवटच्या वाक्याला काय करतो ते पाहायचं. मी माझ्या बहिणीला वाचून दाखवलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "अगं, छाया!" तिला कळायला एक क्षण लागला, तेवढाच लागायला हवा. काहीच प्रतिक्रिया आली नाही तर भाषणात नावाने हाक कमी वेळा आली आहे असं समजावं. आणि मधेच कळलं तर अर्थाचा शब्द आधी कुठेतरी राहून गेला आहे.

नाव वेगळं असेल तर

अर्थ सगळ्यांना माहीत नसलेल्या नावांना ही युक्ती थोडी बदलावी लागते. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, शर्वरी म्हणजे रात्र, हे ऐकणाऱ्याला आपोआप आठवणार नाही. तिथे अर्थ आधीच, पहिल्या मिनिटात, एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं आणि मग शेवटपर्यंत त्याचा उल्लेख करू नये. संध्या हे नाव निरोपात सर्वात अवघड, कारण जीभ आपोआप 'आयुष्याची संध्याकाळ' म्हणायला जाते. संध्या सकाळचीही असते, प्रातःसंध्या हा शब्दच आहे, दोन वेळांचा सांधा असा अर्थ धरला तर नाव पुन्हा मोकळं होतं. सहकारी मुस्लिम असतील किंवा घरी तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या असतील तर अर्थ अंदाजाने सांगू नये, त्यांच्याच घरच्यांना विचारावा. नसीम म्हणजे मंद झुळूक, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तिच्यावर काय सुंदर बोलता येईल.

त्या दिवशी

भाषण मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहून न्या. पंखे पूर्ण वेगात असतात, सुटे कागद उडतात, म्हणून एकच कागद किंवा जाड पुठ्ठा बरा. बोलण्याआधी ताईंचे कुटुंबीय कुठे बसलेत ते बघून ठेवा आणि शेवटचा परिच्छेद ताईंकडे पाहून म्हणा. तेवढा पाठ असावा.

शेवटचं वाक्य झालं की थांबा. 'धन्यवाद' नाही, 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' तर मुळीच नाही. मनात तीन आकडे मोजा आणि खाली बसा. मी बसले तेव्हा मागच्या रांगेत घरी तेलुगू बोलणारी आमची एक मैत्रीण शेजारणीला हळूच म्हणाली, "नीड". मग टाळ्या आल्या.

भाषणाचा कागद ताईंना द्यायचा असतो, हे विसरू नका. फुलं दुसऱ्या दिवशी सुकतात, कागद राहतो. मी पुठ्ठ्यावरची माझी खाडाखोडीची प्रत लपवली आणि म्हणाले, उद्या नीट टंकलिखित करून देते. ताईंनी हात पुढे केला. "मूळ प्रतच दे गं," त्या म्हणाल्या. "छायाप्रत घरी आहेच की, मी."